बंद पडलेल्या धंद्याचा धनी नोकरी मागायला जातो तेव्हा

वाचकहो, आपल्या नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, गावोगाव एक नवे दृश्य दिसू लागले आहे. शेतकी कॉलेजातून किंवा इंजिनिअरिंगमधून शिकून आलेला मुलगा चार मित्रांना घेऊन स्वतःची कंपनी काढतो. तिला तो स्टार्टअप म्हणतो. दोन-तीन वर्षे ती जोरात चालते, मग कुठेतरी पैसा अडकतो आणि कंपनी बंद पडते. मुलगा घरी येतो. काही दिवस गोठ्यात, वावरात मन रमवतो आणि एके दिवशी नोकरीचा अर्ज लिहायला बसतो. तिथे त्याची खरी परीक्षा सुरू होते. काल धनी होता, आज चाकरी मागतो आहे. समोर बसलेल्यांना त्याचा धनीपणाचा अनुभव हवा असतो आणि त्याच धनीपणाची त्यांना भीतीही वाटते.

मी हे दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. एका बाजूने पाहिले ते माझ्या चुकीमुळे, म्हणून ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला मुख्य कार्यकारी अधिकारी नेमायचा होता. कृषी खात्याचा माणूस म्हणून मुलाखतींना मलाही बसवले होते. शेवटी दोघे उरले. एकाने स्वतःचे दूध संकलन केंद्र चार वर्षे चालवून बंद केले होते. दुसरा शांत, नम्र, कागदपत्रांत चोख होता, पण स्वतःच्या जबाबदारीवर काही केलेले नव्हते. पहिल्याला अध्यक्षांनी विचारले, "इथे आल्यावर काय कराल?" तो म्हणाला, "पहिल्या महिन्यात तुमची खरेदीची सगळी पद्धत बदलून टाकीन." संचालकांनी एकमेकांकडे पाहिले. मीच पुढे होऊन म्हणालो, "हा आपल्याला आवरणार नाही." आम्ही दुसऱ्याला घेतले.

पुढच्याच पावसाळ्यात कंपनीच्या २५ टनी कांदा चाळीत एका कप्प्याखाली पाणी टिपकू लागले. वास सुटला. नव्या माणसाने ते पाहिले होते, पण मजूर लावून कांदा निवडायचा खर्च करावा की नाही हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मासिक सभेला नऊ दिवस होते, तेवढे तो थांबला. सुमारे आठ टन कांदा उकिरड्यावर गेला. सभेत तो खाली मान घालून म्हणाला, "मला तसा आदेश नव्हता." माणूस प्रामाणिक होता. चूक आमची होती. आम्हाला आवरायला सोपा माणूस हवा होता, तसा तो मिळाला, आणि त्याची किंमत सभासदांनी मोजली.

ही गोष्ट मी विसरलो नव्हतो. म्हणून २०२४ च्या मे महिन्यात माझा भाचा पिशवीत कागद घेऊन माझ्या ओसरीवर आला, तेव्हा मी त्याला नुसता धीर देऊन परत पाठवला नाही.

त्याची हकिगत थोडक्यात अशी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या कॉलेजातून पदवी घेऊन त्याने २०१९ मध्ये एका मित्राबरोबर कंपनी काढली. संगमनेर-अकोले भागातला टोमॅटो आणि भाजीपाला शेतावर घ्यायचा, प्रतवारी करायची आणि पुण्यातल्या दुकानांना व सोसायट्यांना थेट पोहोचवायचा, असा धंदा होता. २०२० च्या टाळेबंदीत बाजार समित्या मधूनमधून बंद राहिल्या, तेव्हा त्यांचा टेम्पो रोज भरून जाई. २०२१ च्या दिवाळीत त्यांनी माल दुप्पट केला. मार्च २०२२ मध्ये धंदा थांबला.

मे महिन्यात येण्यापूर्वी एका प्रक्रिया उद्योगाने त्याला मुलाखतीत नाकारले होते. काय विचारले आणि तू काय बोललास, ते मी त्याच्याकडून शब्दाला शब्द वदवून घेतले. त्यांनी विचारले, "कंपनीत तुमचे काम काय होते?" तो म्हणाला, "सगळेच मी करत होतो." त्यांनी विचारले, "बंद का पडली?" तो म्हणाला, "बाजार पडला, दुकानदारांनी पैसे थकवले." त्यांनी विचारले, "वरिष्ठांचा निर्णय पटला नाही तर?" तो म्हणाला, "मी त्यांना पटवून देईन." आणि शेवटी, न विचारताच, "मला कोणाच्या हाताखाली काम करायला काही अडचण नाही."

मी त्याला म्हटले, "अरे, पाहुण्याने न विचारता सांगितले की माझ्या मुलाला कसलेही व्यसन नाही, तर मुलीचा बाप रात्री झोपेल का?" तो हसला. पण त्याला मुद्दा कळला. 'सगळे मीच' यातून दुसऱ्याच्या कामाची दखल न घेणारा माणूस दिसतो. 'दुकानदारांनी थकवले' यातून दोष बाहेर ढकलणारा दिसतो. 'पटवून देईन' यातून तर प्रत्येक सभेत वाद घालणारा दिसतो. तो तसा नव्हता, पण त्याच्या उत्तरांतून तसाच दिसत होता.

त्याच सुमारास शेजारच्या तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची जाहिरात आली. पद तेच, मुख्य कार्यकारी अधिकारी. ही कंपनी २०२० मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या १० हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेतली होती. त्या योजनेत या पदाच्या पगारासाठी दरमहा जास्तीत जास्त २५ हजार रुपये, असे ३ वर्षे साहाय्य ठेवलेले होते. पगार मोठा नव्हता, पण काम त्याच्या अंगचे होते.

बहीण मला म्हणाली, "दादा, तिथल्या अध्यक्षांना तू ओळखतोस. एक फोन कर." मी केला नाही. आक्काला राग आला. पण मामाने फोन करून लावलेला माणूस उद्या संचालकांचे ऐकेल की मामाचे, ही शंका मंडळाच्या मनात पहिल्याच दिवशी शिरली असती. ज्याच्याबद्दल आधीच 'आवरेल का' असा प्रश्न आहे, त्याच्यासाठी शिफारस हे ओझे होते.

आम्ही आधी कायद्याची बाजू पाहिली आणि तिथे माझ्याच पोटात गोळा आला.

वाचकहो, उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखाली येते. तिच्या संचालक मंडळात ५ ते १५ संचालक असतात आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणे तिला बंधनकारक असते. तो सभासदांपैकी नसावा, असे कायदाच म्हणतो. भाच्याच्या नावावर कुठे शेअर नव्हता, तेव्हा ती अडचण नव्हती. पण पुढची ओळ महत्त्वाची होती. हा अधिकारी पदसिद्ध संचालकही असतो. आणि २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १६४ सांगते की ज्या कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षे आपला ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे भरले नाही, तिचा संचालक पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही कंपनीत संचालक होऊ शकत नाही. २०१७ मध्ये सरकारने याच कलमाखाली देशभरात तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले होते.

मी त्याला विचारले, "तुझ्या कंपनीची विवरणपत्रे भरली आहेत ना?" तो म्हणाला, "मामा, धंदा तर मार्च २०२२ लाच बंद झाला."

इथेच बहुतेक मुले फसतात. धंदा बंद झाला म्हणजे कंपनी बंद झाली असे नाही. गोठ्यातली गाय विकली तरी सोसायटीच्या वहीतले कर्ज तसेच राहते, तसे हे आहे. निबंधकाच्या नोंदवहीतून नाव काढून घेईपर्यंत कंपनी जिवंत असते आणि दरवर्षी कागद मागते. त्याची २०२१-२२ आणि २०२२-२३ अशी दोन वर्षे राहिली होती. तिसऱ्या वर्षाची मुदत त्याच साली दिवाळीच्या आसपास संपणार होती. ती चुकली असती तर नोकरी मिळूनही पद हातचे गेले असते.

आम्ही संगमनेरला एका सी.ए.कडे गेलो. उशिराचे शुल्क प्रत्येक फॉर्मला दर दिवशी १०० रुपये. दर वर्षाचे दोन फॉर्म, ताळेबंदाचा एक आणि विवरणपत्राचा एक. चार फॉर्मचे मिळून दीड लाखाच्या वर गेले. वेळेत भरले असते तर सी.ए.ची फी आणि किरकोळ शुल्क एवढ्यावर भागले असते. आक्काने दोन गाभण गाई विकल्या. त्या दिवशी ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी धारेच्या वेळी रिकाम्या दाव्यांकडे पाहत उभी राहिली. ते मला अजून दिसते.

कागद भरून झाल्यावर कलम २४८ प्रमाणे नाव काढण्याचा अर्ज, ज्याला एसटीके-२ म्हणतात, तो केला. त्याचे शुल्क १० हजार रुपये. दोन आर्थिक वर्षे धंदा झालेला नसावा, कोणाचे देणे शिल्लक नसावे आणि संचालकांनी तसे प्रतिज्ञापत्र व हमीपत्र द्यावे, अशा त्याच्या अटी आहेत. दोन वर्षे एप्रिल २०२४ मध्येच पुरी झाली होती. शेतकऱ्यांचे देणे त्याने आधीच फेडले होते, त्यामुळे प्रतिज्ञापत्रावर सही करताना त्याचा हात थांबला नाही. या अर्जाची पावती पुढे मुलाखतीत फार उपयोगी पडली. 'माझा जुना धंदा आता नाही' असे शंभर वेळा सांगण्यापेक्षा ती एक पावती पुरली.

मग आम्ही अर्जाला हात घातला. त्याच्या पहिल्या कागदावर मोठ्या अक्षरांत 'संस्थापक व मुख्य अधिकारी' असे होते आणि खाली उलाढालीचे आकडे. मी म्हटले, "पद राहू दे, ते खरे आहे, लपवायचे नाही. पण त्याच्याखाली रोजचे काम लिही." तेव्हा त्याने लिहिले की रोज दोन टन मालाची खरेदी व प्रतवारी पाहत होतो, ४१ शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या तिसऱ्या दिवशी देत होतो, दोन टेम्पो आणि सात माणसांचे वेळापत्रक लावत होतो, आणि विक्री व वसुली भागीदार पाहत होता. या शेवटच्या वाक्यावर त्याचे पाय अडखळले. पण त्याच वाक्याने तो दुसऱ्याबरोबर काम वाटून घेणारा माणूस झाला.

बंद पडण्याचे कारण सांगणे हे सर्वांत अवघड. मी त्याला म्हटले, "बाजारावर ढकलू नकोस आणि रडगाणेही गाऊ नकोस. आकडा सांग आणि त्यातला तुझा निर्णय कोणता, ते सांग." आम्ही वहीवर हिशोब मांडला. रोज दोन टन माल, सरासरी १८ रुपये किलो, म्हणजे रोजची खरेदी ३६ हजारांची. शेतकऱ्याला पैसे तिसऱ्या दिवशी. दुकानदाराकडून पैसे पंधराव्या दिवशी. मधल्या बारा दिवसांची खरेदी कोणीतरी खिशातून घालायची, म्हणजे ४ लाख ३२ हजार रुपये कायमचे अडकलेले. तेवढे त्यांच्याकडे होते. दिवाळीत माल चार टन केला, तेव्हा अडकलेली रक्कम ८ लाख ६४ हजार झाली. तेवढे नव्हते. विक्री वाढली, वहीत नफा दिसत होता, आणि पेटी रिकामी होत चालली होती. तिसऱ्या दिवशीची हिशोबपट्टी आठव्या दिवशी जाऊ लागली, तेव्हाच त्याने ओळखायला हवे होते. भागीदार सांगत होता, उधारीचे दिवस कमी होईपर्यंत माल वाढवू नको. भाच्याने ऐकले नाही.

"हे सांगू?" त्याने विचारले.

"हेच सांग," मी म्हणालो. "चार टनांचा निर्णय माझा होता, भागीदाराने सावध केले होते, मी ऐकले नाही. एवढे तीन तुकड्यांत सांग आणि थांब. त्यापुढे एकच गोष्ट जोड, की नंतर तू काय केलेस."

नंतर त्याने केले होते ते असे. धंदा थांबला त्या दिवशी ४१ शेतकऱ्यांचे ६ लाख ८० हजार रुपये देणे होते. त्याने प्रत्येकाच्या दारात जाऊन रक्कम आणि तारीख लिहून दिली. टेम्पो विकले, काही रक्कम बँकेच्या वैयक्तिक कर्जातून उभी केली, आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत शेवटच्या शेतकऱ्याचे पैसे चुकते केले. बँकेचा हप्ता अजून चालू होता. तोही मुलाखतीत सांगायचे ठरले, कारण ज्याच्या हाती कंपनीचे खाते द्यायचे, त्याच्या डोक्यावर किती कर्ज आहे हे संचालकांना बाहेरून कळण्यापेक्षा त्याच्या तोंडून कळलेले बरे.

आता मुख्य गाठ राहिली. आपलेपणाने काम करीन, पण डोईजड होणार नाही, हे दाखवायचे कसे? नुसत्या शब्दांनी ते दिसत नाही. मी त्याला प्रवरेच्या पाटाचे उदाहरण दिले. आवर्तन केव्हा सुटायचे हे कालवा सल्लागार समितीत ठरते. पाटकऱ्याला ते पटो न पटो, त्याने पाणी त्याच दिवशी फिरवायचे. पण रात्री दोन वाजता चारी फुटली तर तो समितीची वाट पाहत नाही. कंदील घेऊन जातो, दार खाली करतो आणि सकाळी कळवतो. पाणी त्याच्या मालकीचे नाही, तरी एक थेंब वाया जाऊ देत नाही. आमच्या त्या नम्र माणसाला चारी फुटल्यावर उठता आले नाही, आणि दूध केंद्रवाल्याला पहिल्या महिन्यातच आवर्तन बदलायचे होते.

कायदाही हीच रेघ आखतो. दैनंदिन कारभार, रोकड सुरक्षित ठेवणे, हिशोबाची पुस्तके आणि सभासदांना वेळोवेळी माहिती देणे ही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची कामे. धोरण आणि देखरेख मंडळाची. अधिकारी मंडळाच्या नियंत्रणाखाली काम करतो आणि कामगिरीला जबाबदार असतो. भाच्याने एका कागदावर तीन रकाने पाडले. पहिल्यात न विचारता करून लगेच कळवायच्या गोष्टी, जसे सडका कांदा निवडायला मजूर लावणे, भिजत्या मालावर ताडपत्री, बिघडलेला वजनकाटा बंद करणे. दुसऱ्यात विचारूनच करायच्या, जसे चाळ फोडून माल विकणे, नव्या व्यापाऱ्याला उधारी, खर्चाच्या मर्यादेपलीकडची खरेदी. तिसऱ्यात फक्त मंडळाच्या, जसे भागभांडवल, कर्ज, सभासदांना लाभांश. हा कागद त्याने मंडळापुढे ठेवायचा नव्हता. पण उत्तरे देताना तो डोक्यात असला की जीभ घसरत नाही.

आणखी एक काम केले. हवाल्यासाठी त्याने आधी एका प्राध्यापकांचे आणि एका पुढाऱ्याचे नाव दिले होते. दोन्ही काढायला लावली. त्याऐवजी तीन नावे दिली. ज्याचे पैसे सर्वांत शेवटी चुकते झाले तो शेतकरी, टेम्पोचा ड्रायव्हर आणि जुना भागीदार. भागीदाराला फोन करायला तो तयार नव्हता, दोघांत वर्षभर बोलणे नव्हते. शेवटी गेला, दोघे बसले, आणि भागीदार म्हणाला, "विचारतील ते खरे सांगेन." यापेक्षा चांगला हवाला मिळत नाही. जो माणूस तुमच्याबरोबर भांडूनही तुमच्याबद्दल खरे बोलायला तयार आहे, त्याच्या एका शब्दाला वजन असते. आणि असा एकही जुना सहकारी ज्याच्याकडे नाही, त्याने अर्ज लिहिण्याआधी स्वतःला विचारावे की असे का.

मुलाखत जुलै महिन्यात झाली. मी तिथे नव्हतो. त्याने जे सांगितले तेच लिहितो.

अध्यक्षांनी विचारले, "उद्या कोणी पैसेवाला भेटला तर पुन्हा स्वतःचे काढाल?" त्याने 'कधीच नाही' असे म्हटले नाही. ते कोणी मानले नसते. तो म्हणाला, "पुढचे मला सांगता येत नाही. पण दोन हंगाम पुरे केल्याशिवाय जाणार नाही, गेलो तर तीन महिने आधी सांगेन, आणि ग्राहकांची यादी कंपनीची राहील. हे नेमणूकपत्रात घाला." आणि नाव काढण्याच्या अर्जाची पावती पुढे ठेवली. जेवढे पाळता येईल तेवढेच वचन त्याने दिले.

एका संचालकाने विचारले, "आम्ही शेतकरी माणसे. आमचा निर्णय तुम्हाला अडाणीपणाचा वाटला तर?" त्याने मत दिले नाही, घडलेले सांगितले. "२०२० मध्ये मला पालेभाज्या घ्यायच्या होत्या. विक्रीचा निर्णय भागीदाराचा असे आमचे ठरलेले होते आणि तो नको म्हणाला. मी एकदा कागदावर माझे म्हणणे दिले, मग विषय सोडला. पुढे कळले की त्याचेच बरोबर होते, गाडीत निम्मी भाजी सुकली असती. दुसऱ्या वेळी, चार टनांच्या वेळी, मी ऐकले नाही आणि त्याचे काय झाले ते मी मघाशी सांगितले." वाचकहो, दुसऱ्याचा निर्णय मानून काम केल्याचा एक खरा प्रसंग हा माजी धन्याजवळचा सर्वांत मोलाचा दाखला असतो. तो प्रत्येकाजवळ असतो, पण मोठेपणा दाखवायच्या नादात मुले तोच सांगायचा विसरतात.

"इथे आल्यावर काय कराल?" हा प्रश्नही आला. त्याने काही बदलण्याचे नाव काढले नाही. म्हणाला, "पहिला महिना तीन गोष्टी पाहीन. पट्टी किती दिवसांनी जाते, वसुली किती दिवसांनी येते, आणि चाळीत निवडणीत किती टक्के माल बाजूला निघतो. महिन्याच्या शेवटी एका पानावर मंडळाला देईन. बदल काय करायचा ते त्यावर तुम्ही ठरवा." आणि शेवटी त्यानेच विचारले, "न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करायची मला मुभा राहील? आणि ती कुठे लिहिलेली असेल?" अध्यक्ष हसले म्हणे. आजवर कोणी पगाराशिवाय दुसरी मर्यादा विचारली नव्हती. तिथल्या तिथे १० हजार रुपये असे ठरले.

त्याची नेमणूक ऑगस्टमध्ये झाली. पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धवट राहील, कारण मुलाखतीत बोलणे वेगळे आणि मनाविरुद्ध निर्णय झेलणे वेगळे. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात चाळीतला उन्हाळी कांदा विकावा असे त्याचे मत पडले. कोंब दिसू लागले होते. मंडळ म्हणाले, दहा दिवस थांबू. त्याने एका पानावर आपले म्हणणे, अंदाजे घट आणि तारीख लिहून दिली, अध्यक्षांची सही घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या १० हजारांच्या मर्यादेत मजूर लावून दोन्ही चाळींची निवडणी सुरू केली. म्हणाला, "थांबायचे ठरले आहे ना, मग थांबेपर्यंत माल टिकला पाहिजे." १३ सप्टेंबरला केंद्राने कांद्याची किमान निर्यात किंमत उठवली आणि निर्यात शुल्क ४० टक्क्यांवरून २० वर आणले. भाव चढले. मंडळाचे बरोबर ठरले, त्याचे चुकले. पण माल निवडलेला होता म्हणून त्या भावाचा उपयोग झाला. त्याने ते सभेत स्वतःहून सांगितले, आधी आपली चूक आणि मग निवडणीचा खर्च.

एक सावधानतेचा शब्द. आवरायला सोपे दिसावे म्हणून कोणी मान खाली घालून 'तुम्ही म्हणाल तसे' म्हणत जाऊ नये. असा माणूस मंडळाला काही दिवस आवडतो आणि चाळ सडल्यावर नकोसा होतो. आणि काही ठिकाणी नोकरीच घेऊ नये. खर्चाची मर्यादा लिहून द्यायला नकार देतात, कोऱ्या चेकवर सही मागतात, किंवा चाळीची किल्ली अध्यक्षांच्या मुलाकडेच राहील असे म्हणतात, तिथे जबाबदारी तुमची आणि अधिकार दुसऱ्याचा, असा प्रकार होतो. पदसिद्ध संचालक म्हणून सही तुमची असते, हे विसरू नये. भाच्याने याआधी एक अशी जागा सोडली होती आणि तेव्हा मी त्याच्यावर रागावलो होतो. आता वाटते, त्याचे बरोबर होते.

त्या दूध केंद्रवाल्या गृहस्थांची मध्यंतरी बाजारात गाठ पडली. मी त्यांना सांगितले की त्या दिवशी तुम्हाला नाकारणारा मीच होतो. ते म्हणाले, "साहेब, मीही फार बोललो होतो." आम्ही दोघांनी चहा घेतला. तुमच्या गावच्या कंपनीत किंवा दूध संस्थेत असा कोणी मुलगा मुलाखतीला आला, तर त्याने धंदा का बुडवला एवढेच विचारून थांबू नका. बुडाल्यावर शेतकऱ्यांचे पैसे कसे दिले आणि कोणाचे कधी ऐकले, हेही विचारा. आणि तुमच्या घरात असा मुलगा असेल, तर आज संध्याकाळी त्याला आधी हे विचारा की कंपनीची विवरणपत्रे भरली आहेत का. आक्काच्या गोठ्यातली दोन दावी या उन्हाळ्यापर्यंत रिकामी होती. मागच्या महिन्यात त्याने पगारातून एक कालवड आणली.